एकतीस रिकाम्या पट्ट्या आणि रोजची दोन पाकिटं

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून तात्यांना जीपमध्ये घालून बेळगावात आमच्या दवाखान्यात आणलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ५७. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बावीस वर्षं काढलेली, आता दोन म्हशी आणि थोडी भातशेती. घरच्यांची तक्रार एवढीच, की दोन दिवस चक्कर येतेय आणि सकाळी गोठ्यात खाली बसले ते उठलेच नाहीत.

संडासला कशी होते, असं विचारल्यावर तात्या म्हणाले, "काळी होतीया की, डांबरासारखी. उष्णता असंल." पोटात दुखतं का? "पोट? पोटाला काय बी नाही. पाठ तेवढी धरलीया."

नाडी मिनिटाला १२४, रक्तदाब ९४/६०, हिमोग्लोबिन ६.८. युरिया ७८ आणि क्रिएटिनिन १.२. हे शेवटचे दोन आकडे एकत्र पाहायचे असतात. मूत्रपिंड थकलं असेल तर सहसा दोन्ही चढतात. युरियाच एवढा चढतो तेव्हा आतड्यात उतरलेलं रक्त पचून त्याचा युरिया झालेला असतो, म्हणजे रक्तस्राव वरच्या भागात, जठर किंवा त्याच्या आसपास. काळ्या डांबरी शौचाशी ते जुळत होतं. मग साखरेचा आकडा आला, ४१२. तात्यांच्या मुलानं लगेच हरकत घेतली. सप्टेंबरमध्ये गावात शिबिर झालं होतं, तिथं उपाशीपोटी साखर ९८ निघाली होती आणि "शुगर नाही" असं सांगितलं होतं. तो खोटं बोलत नव्हता, शिबिरवाल्यांचं यंत्रही बिघडलेलं नव्हतं. त्याकडे पुढे येतो.

मला खटकला तो चेहरा. हातपाय काडीसारखे, पोट सुटलेलं, आणि गाल मात्र गोल, लालसर. हातांच्या पाठीवर जांभळे डाग, जिभेवर पांढरा थर. हा चेहरा एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही. मी विचारलं, "तात्या, दम्याची गोळी कुठली घेता?" ते गप्प. सूनबाईंनी पिशवीतून दुसरी पिशवी काढली. म्हशीच्या औषधांबरोबर तात्यांच्या रिकाम्या पट्ट्याही त्या साठवून ठेवत होत्या, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला सोपं जावं म्हणून. प्रेडनिसोलोन, स्टिरॉइडची गोळी, १० मिलिग्रॅमची. आम्ही मोजल्या, एकतीस निघाल्या. एका पट्टीत दहा, म्हणजे ३१० गोळ्या. जुलैच्या सुरुवातीपासून तोवर साधारण १५५ दिवस झाले होते. रोज दोन गोळ्या, २० मिलिग्रॅम, खंड न पडता. आपलं शरीर स्वतः रोज जेवढं कॉर्टिसोल, म्हणजे अंगातलं स्टिरॉइड, बनवतं ते प्रेडनिसोलोनच्या हिशेबात ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. तात्यांच्या अंगात पाच महिने त्याच्या चौपट जात होतं.

हे सुरू झालं ते योग्य कारणानं. खानापूरकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला जुलैतला दमा समजावून सांगायला नको. फाउंड्रीची धूळ आणि तीस वर्षांची विडी यांनी फुप्फुसं आधीच आखडलेली. जुलैत दम वाढला तेव्हा एका डॉक्टरांनी सकाळी ४० मिलिग्रॅम, पाच दिवस, असं लिहून दिलं आणि सोबत ओढायचा पंप दिला. चिठ्ठी अगदी बरोबर होती. पण गोळीनं तिसऱ्याच दिवशी तात्या जिना चढले, भूक लागली, अंगात ताकद आली. पंपानं असं काही झालं नाही. "पंपाची सवय लागती म्हणतात की. गोळी बरी." मग तीच चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते मेडिकलात जात राहिले. कुणी पाच दिवसांचा आकडा वाचला नाही, कुणी तारीख पाहिली नाही. हे औषध शेड्यूल एच मधलं आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पण जुनी चिठ्ठी दाखवली की आपल्याकडे तीही चिठ्ठीच ठरते.

पंपाच्या सवयीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण ही समजूत मला रोज भेटते. पंपातही बहुतेक वेळा स्टिरॉइडच असतं, पण दिवसाला ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम, आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. तात्यांच्या दोन गोळ्या म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम, रक्तातून सगळ्या अंगभर. सवयीला भिऊन त्यांनी लहान सोडून मोठं धरलं.

आता दारू. ही माहिती मागून मिळत नाही, गप्पांतून काढावी लागते. खानापूरचा माणूस तीन राज्यांच्या दारूच्या मधोमध राहतो. घाट उतरला की गोव्याची स्वस्त, चंदगडकडे गेलं की देशी, आणि इकडे कर्नाटकात २००७ साली सारायी ही इथली देशी दारू बंद झाल्यापासून व्हिस्कीची ९० मिलीची कागदी पाकिटं. तात्या पाकीटवाले. संध्याकाळी दोन, यात्रेला किंवा पाहुणे आले तर जास्त, वीस वर्षं. दोन पाकिटं म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबानं सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, रोज. त्यांच्या दृष्टीनं ते "पिणारे" नव्हतेच. पिणारा म्हणजे गटारीत पडणारा.

आधी काय घडलं आणि मग काय

माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं आहे ते घटनांच्या क्रमात. पोट, हाडं आणि साखर ही तीन वेगळी दुखणी एकाच वेळी आली नव्हती. एकानं दुसऱ्याला बोलावलं.

सुरुवात हाडांपासून झाली. नोव्हेंबरात मळणीला तात्यांनी भाताचं पोतं उचललं आणि पाठीत "कट्ट" झालं. आम्ही पाठीचा बाजूनं एक्स-रे काढला तेव्हा कमरेचा पहिला मणका पुढून पाचरीसारखा चेपला होता, त्याच्या वरचा एक थोडा कमी. पोतं नेहमीचंच होतं, आयुष्यभर उचललेलं. मणका नेहमीचा राहिला नव्हता. स्टिरॉइड हाड बांधणाऱ्या पेशींना मारतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, आणि आतून जाळीदार असलेल्या हाडांत आधी होते. मणके तसेच असतात. म्हणून "अजून वर्षही झालं नाही गोळी घेऊन" हा दिलासा पोकळ आहे. पण पाच महिन्यांत सगळं गोळीनंच केलं असंही मला म्हणवत नाही. रोजची दारू याच बांधणाऱ्या पेशींवर वीस वर्षं काम करत होती, आणि संध्याकाळचं जेवण निम्म्या वेळा दारूतच बुडत होतं. व्हिटॅमिन डी ११ निघालं, २० च्या वर हवं. दारूनं भिंत आधीच ओली करून ठेवली होती, गोळीनं नुसता खांदा लावला.

मणका चेपला म्हणून पाठ दुखली. पाठ दुखली म्हणून त्याच दुकानातून डायक्लोफेनॅक आलं, सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. इथं प्रकरण पोटाकडे वळलं. जठराच्या आतल्या अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो, तो आम्लापासून अस्तराला वाचवतो. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं तो थर तयार व्हायला लागणारी रसायनं बंद पाडतात, म्हणून जखम होते. स्टिरॉइड जखम भरू देत नाही. एकट्या प्रेडनिसोलोननं अल्सर होण्याचा धोका वाढतो, पण बेताचाच. वेदनाशामकाबरोबर घेतलं की तो कित्येक पटींनी वाढतो. दारू तिसरी. ती अस्तर सुजवते, यकृतामार्फत आणि थेटही रक्त गोठण्यात अडथळा आणते. तात्यांच्या प्लेटलेट्स ९६,००० होत्या आणि एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. आकड्यांची ही ठेवण दारूच्या यकृताची असते. तेव्हा जखम दोन गोळ्यांनी केली, ती वाहती ठेवायला दारूनं मदत केली, असं मी मांडेन.

आणि हे सगळं होत असताना पोट दुखलं नाही. स्टिरॉइड सूज दाबतं आणि सुजेबरोबर दुखणंही दाबतं. कधी कधी अल्सर फुटून भोक पडतं तरी पोट मऊ असतं, माणूस बोलत असतो. म्हणूनच तात्यांचं पोट हाताला मऊ लागलं तरी आम्ही उभं धरून छातीचा एक्स-रे काढला, छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली हवा आहे का ते पाहायला. नव्हती. जो माणूस महिनाभराहून जास्त प्रेडनिसोलोन घेतोय त्याच्या बाबतीत "पोटात दुखत नाही" हे वाक्य मी ऐकतो, पण हिशेबात धरत नाही. काळी शौच, जिना चढताना नवीन धाप, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, ही खरी लक्षणं.

राहिली साखर. सकाळी आठला घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा जोर दुपारनंतर चढतो, संध्याकाळपर्यंत राहतो आणि रात्रीतून ओसरतो. पहाटेपर्यंत साखर बऱ्याचदा जागेवर येते. शिबिरं सकाळी उपाशीपोटी भरतात, त्यामुळे ९८ बरोबर आणि संध्याकाळचे ४१२ ही बरोबर. तात्या तीन महिने रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होते, तांब्याभर पाणी पीत होते. घरच्यांना वाटायचं, दारूमुळे. रक्त चढवण्याआधी घेतलेला तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ८.१ आला. आधी रक्त चढवलं असतं तर दुसऱ्याचं रक्त मिसळून हा आकडा फसवा झाला असता.

दवाखान्यातले पहिले तीन दिवस

मुलाची मागणी स्वच्छ होती. "सर, ती गोळी आणि दारू, दोन्ही आजपासून बंद करा." रागावलेल्या मुलाचं हे म्हणणं मला समजत होतं. पण दोन्ही एकाच दिवशी बंद होतात तेव्हाच माणूस हातचा जाऊ शकतो, हे त्याला बसवून सांगावं लागलं.

बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडाच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथी काम सोडून देतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलं तर त्या झोपल्याच आहेत असं धरून चालायचं. रक्तस्रावासारख्या संकटात शरीराला कॉर्टिसोल नेहमीपेक्षा जास्त लागतं, आणि तात्यांकडे ते बनवणारं कुणी नव्हतं. म्हणून गोळी बंद करण्याऐवजी आम्ही हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम दिलं. डायक्लोफेनॅक मात्र त्याच क्षणी कायमचं बंद. आम्ल थांबवणारं इंजेक्शन, रक्ताच्या दोन पिशव्या, साखरेसाठी इन्सुलिन. आणि सलाइनमध्ये ग्लुकोज जाण्याआधी थायामिन, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते जीवनसत्त्व संपत आलेलं असतं, आणि आधी ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं खर्चून मेंदूला इजा होऊ शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या भागात दीड सेंटिमीटरचा अल्सर, मध्ये रक्तवाहिनीचं तोंड उघडं. भोवती ॲड्रेनलिन टोचून त्यावर क्लिप बसवली. यकृत बिघडल्यावर अन्ननलिकेत फुगतात त्या शिरा नव्हत्या, हे नशीब. अल्सरच्या जंतूची तपासणी नकारार्थी आली, पण रक्तस्राव चालू असताना ती खोटी नकारार्थी येऊ शकते, म्हणून नंतर पुन्हा करायची असं कागदावर लिहून ठेवलं.

त्या रात्री अकराला नर्सचा फोन आला. नाडी पुन्हा १२६, अंगाला घाम, हात थरथरतायत, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणतात. शेवटचं पाकीट घेऊन दोन दिवस होत आले होते. अशा वेळी मनात चार शक्यता येतात आणि चारींचा इलाज वेगळा असतो. पुन्हा रक्तस्राव झाला असता तर रक्तदाब पडला असता. तो १५८/९६ होता आणि हिमोग्लोबिन स्थिर. अधिवृक्क ग्रंथींची अडचण असती तरी दाब पडलाच असता. इन्सुलिननं साखर उतरली असती तर घाम आणि थरथर अशीच दिसली असती, म्हणून बोट टोचून पाहिलं. १३२. उरली ती दारू सुटल्याची लक्षणं. लोराझेपाम दिलं, खोलीत दिवा ठेवला, मुलाला शेजारी बसवलं. दीड दिवसात उतरलं.

चौथ्या दिवशी इंजेक्शनावरून पुन्हा सकाळच्या २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर आणलं आणि त्यानंतर दिवसभराची साखर चार वेळा पाहिली. सकाळी सहाला ११८, अकराला १९६, संध्याकाळी पाचला ३४८, रात्री नऊला २९०. मुलाला तो कागद दाखवला. त्यानं शिबिराबद्दलची तक्रार मागे घेतली.

घरी काय दिलं, काय दिलं नाही

साखरेची स्वस्त आणि नेहमीची गोळी म्हणजे ग्लिमेपिराइड. ती मी दिली नाही. ती चोवीस तास साखर खाली ओढते, आणि तात्यांची साखर पहाटे तशीही खाली येत होती. त्यात कधी पाय घसरून न जेवता दारू पोटात गेली असती, तर यकृत नवीन साखर बनवणं थांबवतं, आणि पहाटे माणूस बेशुद्ध सापडतो. घरचे म्हणतात, झिंगलाय, झोपू दे. वास दारूचा येत असतो, त्यामुळे कुणी साखर बघत नाही. मेटफॉर्मिनही टाळलं. एवढं पिणाऱ्याच्या आणि यकृत दुखावलेल्याच्या रक्तात त्यानं आम्ल साठण्याचा धोका असतो. म्हणून सकाळी गोळीबरोबरच दुपारनंतर जोर धरणारं इन्सुलिन, एकदाच. गोळीचा डोस उतरेल तसं तेही उतरवायचं. टोचायचं काम सूनबाईंनी घेतलं.

हाडांसाठी आठवड्याला एकदा घ्यायची गोळी असते, पण ती अन्ननलिका आणि जठराला झोंबते. ताज्या अल्सरवर ती नको. आधी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी भरून काढलं, मग दोन महिन्यांनी वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड शिरेतून दिलं. त्याआधी एमआरआय करून मणक्याचा क्षय किंवा गाठ नाही एवढं पाहून घेतलं. चेपलेला मणका दिसला की आपल्या भागात तो प्रश्न सोडून चालत नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांना वेगळी सांगितली. जांघेत दुखायला लागलं किंवा मांडी घालून बसता येईना झालं तर लगेच या. मार न लागता खुब्याचा गोळा मरतो, त्याची दोन मोठी कारणं म्हणजे स्टिरॉइड आणि दारू, आणि तात्यांच्याकडे दोन्ही होती.

प्रेडनिसोलोन दर दोन आठवड्यांनी अडीच मिलिग्रॅमनं उतरवत ५ वर आणलं. बारा आठवडे लागले. दमा पंपावर धरून राहिला, तेही पंपाला लावायची नळी दिल्यावर आणि ओढल्यावर चूळ भरायला शिकवल्यावर. ५ वर पोहोचल्यावर सकाळी आठचं कॉर्टिसोल पाहिलं, ३.२. ग्रंथी अजून झोपेतच. गोळी चालू ठेवली. त्या काळात ताप किंवा उलट्या झाल्या तर गोळी चुकवायची नाही, उलट डोस वाढवायचा आणि पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनासाठी यायचं, हे एका कार्डावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून त्यांच्या खिशात ठेवलं. अपघात झाला तर ते कुठल्या दवाखान्यात पोहोचतील हे या भागात कोण सांगणार.

मला नेहमी विचारतात, मग स्टिरॉइड चालू असताना एक पेगसुद्धा चालत नाही का? पाच दिवसांचा कोर्स, वेदनाशामक नाही, पोटाचा किंवा साखरेचा जुना त्रास नाही, अशा माणसानं एखाद्या संध्याकाळी थोडी घेतली तर आभाळ कोसळत नाही. या दोघांची पोटात काही रासायनिक मारामारी होत नाही. गंमत म्हणजे दारूनं यकृताला तीव्र सूज येते तेव्हा निवडक रुग्णांना आम्हीच २८ दिवस ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देतो. धोका साठत जातो तो महिनोन्महिने रोजची गोळी आणि रोजची दारू एकाच जठरावर, एकाच हाडावर पडत राहते तेव्हा.

तात्या चार महिने कोरडे राहिले. मग गावच्या यात्रेला दोन पाकिटं झाली. दुसऱ्या दिवशी स्वतःच आले, साखर बघा म्हणाले. त्यानंतर पुन्हा थांबलेत, असं ते सांगतात, आणि सूनबाई मान हलवतात. जुलैच्या सुरुवातीला सकाळचं कॉर्टिसोल ११.४ आलं, दहाच्या वर. गोळी बंद केली. इन्सुलिन त्याआधीच सुटलं होतं, संध्याकाळी पाचची साखर १३४. हिमोग्लोबिन १२.६. अल्सरच्या जंतूची तपासणी पुन्हा नकारार्थी.

चेपलेले मणके परत उभे राहत नाहीत. उंची तीन सेंटिमीटरनं गेली ती गेलीच. शेवटच्या भेटीत तात्या उठून उभे राहिले तेव्हा माझं लक्ष पायांकडे गेलं. लेंगा जमिनीला लोळायला लागला म्हणून त्यांनी तो शिंप्याकडून दोन बोटं वर घेतला होता.